नऊ सेकंदांचा पूर आणि एक स्ट्राइक: 'फेअर यूज'वर किती विसंबायचं?

नदीकाठचा

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. माझं छोटं यूट्यूब चॅनल आहे, सिनेमा आणि बातम्या यांवर बडबड करतो. गेल्या महिन्यात 'पडद्यावरचा पूर, खरा पूर' असा सतरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. जुन्या सिनेमांत पूर कसा दाखवायचे आणि 2019 साली कोल्हापूर-सांगलीला पाणी आलं तेव्हा वाहिन्यांनी तो कसा दाखवला, अशी तुलना होती.

त्यात बाहेरचे तुकडे तीन:

पहिला, 1959 सालच्या एका कृष्णधवल चित्रपटातलं गाणं, 22 सेकंद. नदी फुगलीय आणि नायिका काठावर उभी आहे. त्या शॉटबद्दल मी बोलतो, पण गाणं पूर्ण आवाजात वाजू दिलंय.

दुसरा, एका वृत्तवाहिनीचा, 14 सेकंद. वार्ताहर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडतोय आणि मागून एक आजोबा सायकल हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यातून निवांत जाताहेत. मी हे दोनदा थांबवून दाखवलंय.

तिसरा, एका वृत्तसंस्थेचा हेलिकॉप्टरमधून घेतलेला शॉट, 9 सेकंद. त्यावर माझा आवाज: '2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली गेली.'

आता निकाल ऐका. गाण्यावर कंपनीचा कंटेंट आयडी क्लेम आला, पैसे त्यांच्याकडे. वाहिनीकडून अजून चकार शब्द नाही. आणि नऊ सेकंदांवर वृत्तसंस्थेने व्हिडिओच उतरवला, चॅनलला स्ट्राइक. मेल केला तर उत्तर आलं की वर्षाचं लायसन्स घ्या, मग बघू. आकडा इथे लिहीत नाही, पण चॅनलच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त आहे.

मी तर सगळं नियमात केलं होतं! तो शॉट दहा सेकंदांच्या आत ठेवला, कोपऱ्यात श्रेय दिलं, डिस्क्रिप्शनमध्ये 'कॉपीराइट डिस्क्लेमर अंडर सेक्शन 107' हा पूर्ण परिच्छेद टाकला. मग फेअर यूज का नाही?

---

पिंट्याची_मावशी

अरे देवा. माझ्या भाचीच्या लग्नात हॉलवाल्याने गाण्यांसाठी लायसन्सचे पैसे मागितले होते, तसंच हे दिसतंय. लग्नात गाणी लावायला परवानगी लागते का हो नक्की?

---

कोर्टकचेरी

मावशी, तो प्रश्न वेगळा. लग्नसमारंभासाठी कायद्यात स्वतंत्र सूट आहे, कलम 52(1)(za). पण ती समारंभात गाणं वाजवण्यापुरती. त्याच लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवलात तर गाण्यावर क्लेम येणारच. यावर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

नदीकाठचा, आधी त्या 107 कलमाबद्दल. ते अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यातलं आहे. तुम्ही राहता सांगलीत, वृत्तसंस्था भारतातली, पूर कृष्णेचा. इथल्या कोर्टात त्या परिच्छेदाला मंगलाष्टकाएवढंच वजन. आणि अमेरिकेतसुद्धा असं लिहिल्याने काही सिद्ध होत नाही. मी चोर नाही अशी पाटी गळ्यात घातली म्हणून कुणी सुटत नाही.

आपल्याकडे 'फेअर यूज' हा शब्दच नाही, 'फेअर डीलिंग' आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 52(1)(a). फरक नुसता नावाचा नाही. अमेरिकेत दार उघडं असतं, कुठलाही उद्देश घेऊन जा, कोर्ट चार कसोट्यांवर तोलतं. आपल्याकडे दारावर तीनच नावं लिहिली आहेत: खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. आधी यातल्या एका नावाखाली बसायचं, मगच वापर रास्त होता का हा प्रश्न येतो. 'माझा व्हिडिओ माहितीपर आहे' हे त्या यादीत नाही.

---

फ्रेमबायफ्रेम

दहा सेकंदांचा नियम नाही हे मान्य, पण थोडं घेतलं तर चालतं असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आहे ना? इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज, 2012. गायिकेने मुलाखतीत स्वतःच गायलेल्या गाण्यांच्या ओळी म्हटल्या, त्यावर यशराजने केस केली आणि कोर्टाने यशराजचं ऐकलं नाही. म्हणजे नऊ सेकंद आरामात बसतात. मी माझ्या चॅनलवर सात सेकंदांचा नियम पाळतो, तीन वर्षांत एकही स्ट्राइक नाही.

---

कोर्टकचेरी

निकाल बरोबर सांगितलात, अर्थ अर्धा. तिथे खंडपीठ एवढंच म्हणालं की बाब इतकी क्षुल्लक आहे की कायद्याने त्यात पडू नये. पण क्षुल्लक कशावरून, तर नुकसान किती, खटल्याचा खर्च किती, मोडलेल्या नियमाचा हेतू काय, तिसऱ्या कुणाच्या हक्कांवर परिणाम काय, करणाऱ्याचा इरादा काय, असं पाच अंगांनी बघितलं. सेकंदांचा आकडा कुठेही घालून दिला नाही. मुलाखतीत गायिकेने आपलं गाणं गुणगुणणं आणि ज्याचा धंदाच फुटेज सेकंदांवर विकण्याचा आहे त्याचे नऊ सेकंद उचलणं, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते नऊ सेकंद म्हणजेच माल.

तुमचा सात सेकंदांचा नियम टिकला, कारण कुणाची नजर गेली नाही. कुलूप न लावता तीन वर्षं चोरी झाली नाही म्हणून कुलपाची गरजच नाही असं होत नाही.

---

एडिसनकर

मी राहतो त्या अमेरिकेतली उदाहरणं उपयोगी पडतील, कारण 'फेअर यूज' हा शब्द इथूनच तिकडे गेलाय, अर्धवट होऊन.

लांबीचं म्हणाल तर 1985 चा हार्पर अँड रो विरुद्ध नेशन हा निकाल बघा. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आत्मचरित्राचं दोन लाख शब्दांचं हस्तलिखित, त्यातून साप्ताहिकाने पुस्तक येण्याआधी जेमतेम तीनशे शब्द छापले. सुप्रीम कोर्टाने ते फेअर यूज मानलं नाही, कारण ते तीनशे शब्द म्हणजे पुस्तकाचा गाभाच होता, निक्सनला माफी देण्याचा भाग.

उलट बाजूने एच3एच3 या यूट्यूब चॅनलचा 2017 चा निकाल. इथन आणि हिला क्लाइन यांनी दुसऱ्या यूट्यूबरच्या 5 मिनिटं 24 सेकंदांच्या व्हिडिओतली तब्बल 3 मिनिटं 15 सेकंद वापरली. अर्ध्याहून जास्त! आणि जिंकले. कारण त्यांच्या जवळजवळ चौदा मिनिटांच्या व्हिडिओत दर काही सेकंदांनी थांबून ते त्याच दृश्याची पिसं काढत होते. पण न्यायाधीशांनी तळटीपेत बजावलं की सगळे रिअॅक्शन व्हिडिओ फेअर यूज असतात असा याचा अर्थ काढू नका, काही तर नुसते मिळून टीव्ही बघण्यासारखे असतात.

आणि 'बातमी सगळ्यांची असते' म्हणणाऱ्यांसाठी तिसरं. 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीत एका ट्रकचालकाला मारहाण झाली, ती एका वृत्तसंस्थेने हेलिकॉप्टरमधून टिपली. केसीएएल वाहिनीने आधी लायसन्स मागितलं, ते मिळालं नाही, मग दुसऱ्या वाहिनीकडून प्रत मिळवून 30 सेकंद दाखवले. खालच्या कोर्टाने हे फेअर यूज म्हणून केस तिथेच संपवली होती. 1997 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल उलटवला. घटना बातमी आहे, ती कुणाच्या मालकीची नाही. पण ते चित्रीकरण ज्याने जीव धोक्यात घालून केलं, त्याचं आहे.

---

नदीकाठचा

हेलिकॉप्टरच! हे तर माझंच प्रकरण झालं.

पण मग एक कळत नाही. वाहिनीची टर मी उघड उडवली, चौदा सेकंद घेतले, दोनदा थांबवले. ते गप्प. आणि ज्या शॉटबद्दल मी वाईट शब्दही काढला नाही, त्याने माझा जीव घेतला. हा उलटा न्याय नाही का?

---

संकलक_सातारा

मी गेली एकवीस वर्षं एडिटिंग टेबलावर आहे, आधी बातम्यांत, आता माहितीपटांत. कायदा मला येत नाही, पण यात उलटं काही नाही.

तुमची टाइमलाइन मनात उघडून बघा. चौदा सेकंदांचा वार्ताहर काढला तर तुमचं वाक्य उभं राहील का? 'वाहिन्या अतिशयोक्ती करतात' असं नुसतं म्हणालात तर प्रेक्षक म्हणेल, कशावरून? ती सायकल दिसलीच पाहिजे. तो तुकडा म्हणजे तुमचा पुरावा आहे.

आता नऊ सेकंदांचा शॉट काढा. '2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली गेली' हे वाक्य काळ्या पडद्यावरही तेवढंच खरं. तिथे नकाशा चालला असता, आयर्विन पुलाचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो चालला असता. तुमच्याकडे आवाज होता आणि त्याखाली चित्र नव्हतं, म्हणून भोक बुजवलंत. आम्ही याला फिलर म्हणतो. आणि फिलरसाठीच तर लोक वृत्तसंस्थेला पैसे देतात. तुम्ही त्यांचा शॉट नेमका ज्या कामाला ते विकतात त्याच कामाला वापरलात.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच सांगतो: क्लिप म्यूट कर आणि स्वतःचा व्हॉइसओव्हर ऐक. आवाज जर क्लिपकडे बोट दाखवत नसेल तर ती क्लिप तुझी नाही.

---

कोर्टकचेरी

सातारकर, वकिली सुरू करा, मी टेबलावर येते.

हेच कायद्याच्या भाषेत सांगायचं तर केरळ हायकोर्टाने 1996 मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात तीन गोष्टी बघितल्या. एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाचा वाद होता. टीकेच्या मानाने घेतलेला भाग किती आणि किती मोलाचा, घेण्याचा हेतू काय, आणि नवी कलाकृती जुनीच्या बाजारात स्पर्धा करते का. तुमचा वार्ताहर या तिन्हींत बऱ्यापैकी तरतो. तुमचा व्हिडिओ बघितला म्हणून कुणी त्या वाहिनीची बातमी बघायचं सोडणार नाही. हेलिकॉप्टरचा शॉट हेतूतच अडखळतो आणि स्पर्धेत पडतो.

वाहिनी गप्प आहे म्हणजे तिने मान्य केलं असं मात्र नाही. दावा लावायला तीन वर्षं असतात.

---

शब्दवेल्हाळ

एक शंका. तीन नावांत 'चालू घडामोडींचं वार्तांकन' आहे ना? पूर ही घडामोडच. मग नऊ सेकंद त्या दारातून का नाही शिरत?

---

कोर्टकचेरी

2019 च्या ऑगस्टमध्ये टाकला असता तर निदान दार ठोठावता आलं असतं. इतक्या वर्षांनी सिनेमाशी तुलना करताना तो इतिहास झाला. 'चालू' किती दिवस चालू असतं हे कायद्यात लिहिलेलं नाही. आता समजा यंदा पुन्हा पूर आला आणि तुम्ही '2019 नंतर काय सुधारलं' असा व्हिडिओ केलात, तर? मी बाजू मांडीन, पण जिंकेन अशी हमी देणार नाही.

आणखी एक बारकावा. वाहिनीच्या प्रक्षेपणावर कॉपीराइटशिवाय वेगळा प्रक्षेपण हक्क असतो, त्याच्या सवलती कलम 39 मध्ये आहेत. तिथे वार्तांकन आहे, प्रामाणिक समीक्षा आहे, शिकवणं-संशोधन आहे, पण 'टीका' हा शब्द नाही. त्यामुळे वार्ताहराची नुसती टर उडवण्यापेक्षा 'हे वार्तांकन असं का फसलं' याची चिकित्सा करणं कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

---

फ्रेमबायफ्रेम

टीव्ही टुडे विरुद्ध न्यूजलॉन्ड्री प्रकरणात हेच झालं ना? न्यूजलॉन्ड्रीवाले वाहिनीच्या क्लिपा दाखवून टीका करायचे, आणि कोर्टाने सांगितलं की माध्यमसमीक्षा म्हणून हे चालतं.

---

कोर्टकचेरी

पुन्हा अर्धं. जुलै 2022 मध्ये दिल्ली हायकोर्टाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. म्हणजे खटला चालेपर्यंत व्हिडिओ उतरवा असा हुकूम दिला नाही. 'चालतं' असा शिक्का त्या आदेशाने मारलेला नाही, उलट वाहिनीची बाजू ऐकण्याजोगी आहे असंही त्यात म्हटलंय. मनाई न मिळणं आणि खटला जिंकणं यात मुंबई-नागपूर एवढं अंतर असतं.

---

मांडवीकाठ

माझं उलटं रडगाणं ऐका. मी पणजीत लग्नं शूट करतो, ड्रोन आहे. एका पावसाळ्यात मांडवीवर ढग उतरलेले टिपले, फेसबुकवर टाकले. दुसऱ्या दिवशी एका वाहिनीवर माझाच शॉट, खाली 'सौजन्य: सोशल मीडिया'. सोशल मीडिया म्हणजे कोण? मी! नाव नाही, पैसा नाही, फोन केला तर 'तुम्हाला प्रसिद्धी मिळाली की' म्हणाले.

तेव्हा इथले लोक 'श्रेय दिलं होतं' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. श्रेय दिलं म्हणजे माल कुणाचा आहे हे ठाऊक होतं एवढंच कबूल केलंत.

---

संकलक_सातारा

मांडवीकाठ, शंभर टक्के. आणि त्याचंच भावंड म्हणजे 'मॉनेटायझेशन बंद ठेवलं होतं'. कमाई नाही म्हणून परवानगी लागत नाही असं कुणी सांगितलं? उलटही खरं, वर्तमानपत्रातला सिनेमा-समीक्षक पगार घेतोच की, म्हणून त्याची समीक्षा बेकायदा होत नाही.

बाकी क्लिप आरशासारखी उलटी करणं, भोवती जाड चौकट लावणं, आवाज अर्ध्या सुराने चढवणं, यांबद्दल बोलायलाच नको. ते मशीनला चकवायचे उद्योग आहेत. चुकवाचुकवी सापडली की तुमचा इरादा साफ होता हे सांगायची सोय जाते.

---

नदीकाठचा

बरं, पटलं. नऊ सेकंदांत माझी चूक. आता प्रत्यक्ष काय करू? व्हिडिओ डिलीट केला तर स्ट्राइक जाईल?

---

एडिसनकर

नाही! हाही एक गैरसमज. उतरवलेला व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. वाटा तीनच. कॉपीराइट स्कूलची प्रश्नावली पूर्ण करून 90 दिवस थांबा, स्ट्राइक आपोआप संपतो. किंवा तक्रारदाराला तक्रार मागे घ्यायला लावा. किंवा काउंटर नोटिफिकेशन द्या. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होण्याची पाळी येते, त्यामुळे तोवर जपून.

काउंटर नोटिफिकेशन हे 'रागाचं बटण' समजून दाबू नका. त्यात खरं नाव आणि पत्ता जातो, तो तक्रारदाराला दिसतो. अमेरिकेबाहेरच्या माणसाने यूट्यूब जिथे आहे तिथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. त्यानंतर तक्रारदाराला दावा लावल्याचा पुरावा द्यायला अमेरिकी कामकाजाचे 10 दिवस मिळतात. त्याने काहीच केलं नाही तर व्हिडिओ परत येतो.

म्हणजे गंमत बघा. 107 कलमाचा परिच्छेद तुम्ही उगाच चिकटवला होता, पण या फॉर्मवर सही केलीत की अमेरिकी कायदा खरोखर दारात येऊ शकतो.

---

कोर्टकचेरी

आणि नऊ सेकंदांच्या फिलरसाठी ती सही करू नका. वार्ताहराच्या क्लिपवर स्ट्राइक आला असता तर मी वेगळा सल्ला दिला असता.

लायसन्सच्या मागणीबद्दल. 2025 च्या मे महिन्यात मोहक मंगल या यूट्यूबरने असाच प्रकार जाहीरपणे मांडला होता, एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या फुटेजवरून स्ट्राइक आणि मग लाखांची मागणी, असं त्याचं म्हणणं. एएनआयने उलट मानहानीचा दावा लावला आणि दिल्ली हायकोर्टाने त्याला त्या व्हिडिओतले काही शब्द काढायला लावले. तेव्हा रागाच्या भरात 'खंडणी', 'हप्ता' असले शब्द टाकून दुसरा व्हिडिओ करू नका. एक प्रकरण पुरे.

बिनबुडाच्या कायदेशीर धमकीविरुद्ध कलम 60 आहे, पण समोरच्याने तत्परतेने दावा लावला की ते लागू होत नाही. आणि तुमच्या बाबतीत धमकी बिनबुडाची आहे असं मला तरी म्हणवत नाही.

---

शब्दवेल्हाळ

आणि गाण्याचं काय? 1959 चा चित्रपट आहे. साठ वर्षं होऊन गेली. तो तर सगळ्यांचा झाला! कंपनी क्लेम कसा करते?

---

कोर्टकचेरी

हा प्रश्न खरा रसाळ आहे.

चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1959 चा चित्रपट 2019 च्या अखेरीस मोकळा झाला. ध्वनिमुद्रणाचंही तसंच. पण गाणं म्हणजे नुसती रेकॉर्ड नाही. त्यातले शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. त्यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. गीतकार 1980 मध्ये वारला असेल तर शब्द 2040 च्या अखेरपर्यंत बांधलेले. एकाच 22 सेकंदांत चित्र मोकळं, रेकॉर्ड मोकळी आणि कविता मात्र कुलपात.

म्हणून क्लेमचा तपशील उघडून बघा, कंपनी रेकॉर्डवर हक्क सांगतेय की रचनेवर. रेकॉर्डवर असेल तर तुमची बाजू भक्कम. रचनेवर असेल तर मोकळ्या चित्रपटाचा मुद्दा पुरत नाही, समीक्षेचाच आधार घ्यावा लागेल. आणि मग सातारकरांचा प्रश्न परत येतो: तुम्ही शॉटबद्दल बोलत होतात, तर गाणं पूर्ण आवाजात कशाला?

---

एडिसनकर

थोडा खोडा घालतो. तो चित्रपट भारतात मोकळा झाला, पण अमेरिकेत नाही. 1996 च्या सुरुवातीला जी परदेशी कामं आपापल्या देशात संरक्षित होती, त्यांना इथे प्रकाशनापासून 95 वर्षं मिळाली. म्हणजे 1959 चं काम इथे 2054 पर्यंत. तुमचा व्हिडिओ मी न्यू जर्सीत बसून बघतो तेव्हा कुठला कायदा? कंपनीने क्लेम फक्त अमेरिकेपुरता ठेवला तर?

---

कोर्टकचेरी

तिथे मी हात टेकते. तुमच्याकडचा वकील गाठा.

---

संकलक_सातारा

कायदा बाजूला ठेवून टेबलावरचा उपाय सांगू? कंटेंट आयडी हे काही न्यायाधीश नाही, ते जुळणी करणारं यंत्र आहे आणि त्याला चाल ओळखणं फार सोपं जातं. गाण्याचा आवाज काढा, नदीच्या पाण्याचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून घाला आणि वर तुमचं निवेदन. चित्र बोलतंय, तुम्ही चित्राबद्दल बोलताय. गाण्याचे शब्द महत्त्वाचे असतील तर एक ओळ ऐकवा आणि लगेच तिच्यावर बोला.

नवी आवृत्ती चढवताना Checks च्या पायरीवर थांबा. क्लेम येणार असेल तर बहुतेक वेळा तिथेच दिसतो, प्रसिद्ध करण्याआधी.

---

नदीकाठचा

तीन आठवड्यांनी परत आलोय. खबरबात अशी:

हेलिकॉप्टरचा शॉट गेला. त्याजागी काकांनी गच्चीवरून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ घातला. हलतोय, कुत्रं भुंकतंय, काकू मागून 'खाली या' म्हणतेय. खरं सांगायचं तर आधीच्यापेक्षा बरा वाटतो. कोर्टकचेरींनी टोचल्यामुळे काकांकडून व्हॉट्सअॅपवर लेखी परवानगीही घेतली. काका म्हणाले, 'शिकून वेडा झालास.'

वार्ताहर आणि सायकल तसेच ठेवलेत. फक्त टर कमी केली, आणि कॅमेरा कुठल्या कोनात, किती खाली धरला की पाणी जास्त दिसतं हे आकृती काढून समजावलं. चौदाचे अकरा सेकंद झाले.

गाणं मात्र मी हट्टाने ठेवलं. सात सेकंद, एक ओळ, कारण त्या ओळीत नदीला 'आई' म्हटलंय आणि चित्रात ती घर गिळतेय. त्यावर दीड मिनिट बोललोय. क्लेम आलाच, तपशिलात रचनेवर आहे. पाच दिवसांच्या आत Dispute केलं, म्हणजे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला राहतात. कंपनीला उत्तराला 30 दिवस आहेत. आज बारावा.

वृत्तसंस्थेला साधा मेल केला, शॉट काढलाय, तक्रार मागे घ्यावी अशी विनंती. उत्तर नाही. स्ट्राइकचे 61 दिवस बाकी.

---

एडिसनकर

कंपनीने डिस्प्यूट फेटाळला तर लगेच अपील करू नका. अपिलानंतर ते थेट व्हिडिओ उतरवण्याची तक्रार करू शकतात, तो दुसरा स्ट्राइक होईल. पहिला संपेपर्यंत थांबता आलं तर बघा, किंवा तेव्हा ती ओळ कापून टाका.

---

कोर्टकचेरी

मी असते तर अपील केलं असतं. दीड मिनिट एका ओळीवर बोलणं ही समीक्षा नाही तर काय? पण चॅनल माझं नाही, हेही खरं.

---

फ्रेमबायफ्रेम

माझ्या सात सेकंदांच्या नियमावर हसणाऱ्यांनी बघा, यांचंही गाणं शेवटी सातच सेकंद निघालं.

---

मांडवीकाठ

आणि क्लेम पण आला.

---

पिंट्याची_मावशी

लग्नाचा धागा काढलाय हो. कोर्टकचेरी, या तिकडे. हॉलवाल्याची पावती स्कॅन करून टाकलीय.